मुळे न काढता मुळांचे वर्ग

x³ − 5x² + 6x − 1 = 0 या समीकरणाचे एकही मूळ पूर्णांक किंवा अपूर्णांक नाही, त्यामुळे अवयव पाडायला बसलात तर हाती काही लागत नाही. तरी या मुळांचे वर्ग ज्याची मुळे असतील असे समीकरण तीन ओळींत मिळते.

विषम घातांची पदे डावीकडे ठेवा, सम घातांची उजवीकडे न्या:

x(x² + 6) = 5x² + 1

आता दोन्ही बाजूंचा वर्ग केला की एकटा उरलेला x सुद्धा x² होतो. x² च्या जागी y लिहा:

y(y + 6)² = (5y + 1)²

कंस सोडवले की y³ − 13y² + 26y − 1 = 0. घात तीनच राहिला. पडताळाही सोपा आहे: मुळांची बेरीज ५ आणि दोन-दोनच्या गुणाकारांची बेरीज ६, म्हणून वर्गांची बेरीज २५ − १२ = १३.

खरी गंमत हीच कृती पुन्हा पुन्हा करण्यात आहे. दुसऱ्या फेरीत z³ − 117z² + 650z − 1 येते, तिसऱ्या फेरीत w³ − 12389w² + 422266w − 1. आता मुळे मूळ मुळांचे आठवे घात आहेत. घात वाढला की मोठे मूळ बाकीच्यांना पार मागे टाकते, म्हणून १२३८९ ही बेरीज जवळजवळ त्या एकट्याचीच. तिचे आठवे मूळ ३.२४८, खरे उत्तर ३.२४७. पुढच्या सहगुणकाला आधीच्याने भागून तेच केले की मधले मूळ १.५५४ मिळते, खरे १.५५५. वर्ग करताना चिन्ह मात्र हरवते, तेव्हा अधिक की उणे हे मूळ समीकरणात घालूनच ठरवावे लागते.

दांदलँ (१८२६), लोबाचेव्हस्की (१८३४) आणि ग्रेफ (१८३७) या तिघांनी ही रीत मांडली; प्रचारात नाव ग्रेफचे राहिले.

दोन मुळांचे आकारमान सारखे असेल तर रीत अडते. x³ − x² − 2x + 2 ची मुळे १, √२ आणि −√२. पहिल्याच फेरीत २ हे मूळ दोनदा येते आणि त्यानंतर कितीही वर्ग केले तरी ही जोडी फुटत नाही. ते सहगुणकांवरून ओळखता येते. एरवी x² च्या जागचा आकडा दर फेरीला स्वतःच्या वर्गाजवळ जातो: ११७ चा वर्ग १३६८९, आला १२३८९. इथे तो ५, ९, ३३, ५१३ असा चालतो. ३३ चा वर्ग १०८९, आणि ५१३ म्हणजे त्याच्या निम्म्याच्या आसपास. असे निम्मे दिसले की सर्वांत मोठ्या मुळांची जोडी आहे असे समजावे.

संगणकावर अडचण वेगळीच येते. आकड्यांतले अंक दर फेरीला साधारण दुप्पट होतात. नेहमीच्या दशांश संख्यांची मर्यादा सुमारे १०³⁰⁸ आहे, आणि पहिल्या उदाहरणातला x च्या जागचा सहगुणक नवव्या फेरीतच ती ओलांडतो. आधीच्या सात-आठ फेऱ्यांत मुळे हवी तितकी अचूक मिळालेली असतात, म्हणून तिथेच थांबावे.