कोंडा आणि बुरशीरोधक शाम्पू

कोंडा : डोक्याच्या त्वचेवरील मृत पेशी एकेकट्या, नजरेस न पडता झडण्याऐवजी पुंजक्यांनी सुटणे आणि त्यासोबत कमीअधिक खाज येणे, ही अवस्था. त्वचा लालसर झाली, खपल्या पिवळट व तेलकट दिसू लागल्या आणि त्या भुवया, नाकाच्या कडा, कानांमागची घडी इथवर पसरल्या, तर त्याच अवस्थेच्या तीव्र रूपाला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. या दोहोंमध्ये ठळक सीमारेषा आखता येत नाही. बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ त्यांना एकाच विकाराच्या दोन पायऱ्या मानतात. पुढील विवेचन प्रौढांतील कोंड्याविषयी आहे.

कारणाविषयीचा वाद : कोंड्याचा यीस्ट या एकपेशीय बुरशीशी असलेला संबंध एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सांगितला जातो. त्वचेच्या खपल्यांत गोल, कोंब फुटलेल्या पेशी दिसतात, असे वर्णन साधारण 1873-74 च्या सुमारास प्रथम रिव्होल्टा यांनी आणि पाठोपाठ फ्रेंच शास्त्रज्ञ मालासे यांनी केले. मालासे यांच्या नावावरूनच 1889 मध्ये बायाँ यांनी या प्रजातीला मालासेझिया हे नाव दिले. 1904 मध्ये साबूरो यांनी तिला पिटिरोस्पोरम म्हटले. पुढे कित्येक दशके दोन्ही नावे चालू राहिली आणि जुन्या ग्रंथांत एकाच सजीवाची वर्णने दोन नोंदींत विखुरली गेली.

मात्र यीस्ट सापडते एवढ्यावरून ते कारण ठरत नाही. निरोगी माणसाच्या डोक्यावरही ते असतेच. 1970 च्या दशकात क्लिगमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी जोरकसपणे मांडलेली भूमिका अशी होती, की मूळ दोष त्वचेच्या पेशी वेगाने तयार होण्यात आहे. खपल्या वाढल्या म्हणून यीस्ट वाढते, यीस्ट वाढले म्हणून खपल्या नव्हेत. झिंक पायरिथिऑन, सेलेनियम सल्फाइड यांसारखी द्रव्ये पेशींचा वेग मंदावतात म्हणून गुण येतो, असा त्यांचा अर्थ लावला जाई.

केटोकोनॅझोल आल्यावर वादाचे पारडे फिरले. या औषधाचे मुख्य काम बुरशीच्या पेशीपटलातील एर्गोस्टेरॉल तयार होऊ न देणे हे आहे, आणि तरीही त्याने कोंडा जाऊ लागला. 1984 मध्ये शुस्टर यांनी मांडले, की रासायनिकदृष्ट्या एकमेकांशी नाते नसलेल्या या सर्व गुणकारी औषधांत समान धागा एकच आहे : ती मालासेझियाला मारतात. शिवाय उपचार थांबल्यावर यीस्ट परतते आणि त्यामागून कोंडाही परततो. प्रस्तुत नोंदीत हेच मत ग्राह्य धरले आहे. पण क्लिगमन यांचा आक्षेप पूर्ण निकाली निघालेला नाही. सर्वांच्या डोक्यावर राहणारे यीस्ट काहींनाच का छळते, हा प्रश्न उरतोच.

त्याचे आंशिक उत्तर यीस्टच्या आहारात आहे. मालासेझियाला स्वतःची मेदाम्ले तयार करता येत नाहीत. 2007 मध्ये मालासेझिया ग्लोबोसाचा जनुकसंच उलगडला, तेव्हा त्यासाठी लागणारे विकरच त्यात नसल्याचे दिसले. त्यामुळे हे यीस्ट लायपेझ स्रवून तैलग्रंथींतील स्निग्ध द्रव्य तोडते, त्यातील संपृक्त मेदाम्ले वापरते आणि ओलेइक आम्लासारखी असंपृक्त आम्ले त्वचेवर मागे सोडते. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कोंड्याकडे कल असलेल्यांच्या डोक्याला नुसते ओलेइक आम्ल लावल्यावरही खपल्या आल्या, पण इतरांना तसे झाले नाही. म्हणजे यीस्ट, तैलस्राव आणि त्या व्यक्तीच्या त्वचेची संवेदनशीलता अशी तिन्ही कारणे एकत्र यावी लागतात. त्यांपैकी शाम्पूच्या आवाक्यात फक्त पहिले येते. तारुण्यात तैलग्रंथी जाग्या होईपर्यंत कोंडा विरळा असतो, तोही यामुळेच. प्रयोगशाळेत मालासेझियाच्या काही जाती वाढवताना पोषक माध्यमावर ऑलिव्ह तेलाचा थर देण्याची जुनी पद्धत आहे. डोकं कोरडं पडलंय असे समजून कोंड्यावर तेल थापणे फारसे उपयोगी का पडत नाही, याचा बोध त्यातून होतो.

वापराची वारंवारता : यीस्ट कायमचे नाहीसे होत नाही, फक्त त्याची संख्या खाली आणता येते. म्हणून उपचाराचे दोन टप्पे पडतात. 2 टक्के केटोकोनॅझोल शाम्पू पहिल्या टप्प्यात आठवड्यातून दोनदा, 2 ते 4 आठवडे वापरतात. दोन वापरांत तीन-चार दिवसांचे अंतर ठेवावे. मधल्या दिवसांत केस धुवायचे असल्यास साधा शाम्पू चालतो. रोज वापरल्याने लाभ वाढत नाही, केस मात्र रुक्ष होतात. गुण आल्यावर दुसरा टप्पा : आठवड्यातून एकदा, आणि तेवढ्यावर निभावत असेल तर पंधरवड्यातून एकदा. या दुसऱ्या टप्प्याचे महत्त्व 1995 च्या एका बहुकेंद्री चाचणीतून स्पष्ट झाले. चार आठवड्यांत बरे झालेल्यांना पुढे सहा महिने दर आठवड्याला हाच शाम्पू दिला, तेव्हा 19 टक्क्यांना विकार पुन्हा झाला. औषधविरहित शाम्पू वापरणाऱ्यांत हे प्रमाण 47 टक्के होते. एक आठवडा औषधी, एक आठवडा साधा अशी आलटापालट करणाऱ्यांत ते 31 टक्के, म्हणजे दोहोंच्या मधे राहिले.

वारंवारतेइतकेच महत्त्व संपर्ककाळाला आहे आणि बहुतेक चुका तिथेच होतात. केस पूर्ण ओले करून बोटांच्या टोकांनी भांग पाडत शाम्पू त्वचेपर्यंत पोचवावा. केसांच्या लांबीवर फेस करून उपयोग नाही. तो 3 ते 5 मिनिटे तसाच ठेवून मग धुवावा. भुवया व कानांमागे खपल्या असतील तर तोच फेस तिथेही लावता येतो. खपल्यांचा थर जाड असेल, तर आधी सॅलिसिलिक आम्लयुक्त द्रव्याने तो मऊ करून काढावा लागतो, अन्यथा औषध थराच्या वरच राहते. अतिशय कुरळे व कोरडे केस असणाऱ्यांना आठवड्यातून एकदाच धुणे सोसते, आणि तेवढे चालते. सेलेनियम सल्फाइडही आठवड्यातून दोनदा याच रीतीने वापरतात. मात्र त्याने फिकट किंवा रंगवलेल्या केसांची छटा बदलू शकते आणि दागिने काळवंडतात. झिंक पायरिथिऑन सौम्य असल्याने अधिक वेळा वापरता येते, परंतु 2022 पासून युरोपीय संघात सौंदर्यप्रसाधनांत त्याला मनाई आहे. एकाने गुण न आल्यास दुसऱ्या घटकाचा शाम्पू घेणे रास्त.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मध्यमवयीन गृहस्थाला वर्षभर खाज आणि खांद्यांवर पांढरा सडा. केटोकोनॅझोल शाम्पू घरात आहे, पण तो आठवेल तेव्हा, पंधरा-वीस दिवसांनी एकदा लावला जातो आणि लगेच धुतला जातो. ‘मला तो लागूच पडत नाही’ ही त्याची तक्रार. नीट पाहिल्यास हा औषधाचा पराभव नव्हे, कारण पहिला टप्पा झालेलाच नाही. सोमवार व गुरुवार असे ठरवून, घड्याळ लावून पाच मिनिटे ठेवल्यावर दुसऱ्या आठवड्यात खाज उतरते, चौथ्यापर्यंत खपल्या बहुतांशी जातात. पण उजव्या कानामागे एक जाडसर चट्टा तसाच राहतो. त्याची कड बोट फिरवल्यावर जाणवण्याइतकी स्पष्ट आहे आणि खपली चंदेरी आहे. कोपर आणि नखे पाहिल्यावर दोन नखांत टाचणीने टोचल्यासारखे खळगे दिसतात. हा चट्टा कोंड्याचा नाही, सोरायसिसचा आहे. दोन्ही विकार एकाच डोक्यावर नांदू शकतात. नीट पार पाडलेल्या चार आठवड्यांनीच ते वेगळे करून दाखवले.

अन्य विकारांची शक्यता : वरील उदाहरणातील तत्त्व सर्वत्र लागू पडते. योग्य संपर्ककाळासह चार आठवडे वापरूनही काही फरक नसेल, तर शाम्पूची बाटली मोठी घेण्यापेक्षा निदान तपासावे. सोरायसिसमध्ये चट्टे उठावदार असतात, केसांची सीमा ओलांडून कपाळावर उतरतात आणि मधली त्वचा निरोगी राहते. कोंडा सहसा डोकेभर विखुरलेला असतो.

चार आठवडे थांबू नये अशी एक परिस्थिती आहे : लहान मूल. वयात न आलेल्या मुलाच्या डोक्यावर खपल्या दिसल्या, तर आधी डोक्याच्या गजकर्णाचा विचार करावा, विशेषतः केस मुळाशी तुटून काळे ठिपके उरले असतील, टक्कल पडल्यासारखा भाग असेल किंवा मानेमागे गाठी हाताला लागत असतील. येथे बुरशी वेगळी (ट्रायकोफायटॉन, मायक्रोस्पोरम) आणि ती केसाच्या आत शिरलेली असते. शाम्पू फक्त बीजाणूंचा प्रसार कमी करतो. विकार बरा होण्यासाठी ग्रिझिओफल्विन किंवा टर्बिनाफिन आठवडेच्या आठवडे तोंडाने घ्यावे लागते. मऊ, पू वाहणारी सूज आली तर तिला गळू समजून चिरा दिला जाण्याचा धोका असतो. तीही याच बुरशीची तीव्र प्रतिक्रिया असू शकते.

खाज फार आणि खपल्या थोड्या असतील तर केसांच्या मुळाशी, कानांमागे व मानेवर लिखा शोधाव्यात. लीख केसाला घट्ट चिकटलेली असते, कोंड्याचा कण बोटाने सहज सरकतो. केस रंगवल्यानंतर एक-दोन दिवसांत कपाळ, कान व मान खाजू लागली, पापण्या सुजल्या, तर रंगातील पीपीडीची ॲलर्जी संभवते. चट्ट्यावरची त्वचा गुळगुळीत होऊन तेथील केसांची छिद्रेच नाहीशी झाली असतील तर ल्युपससारख्या व्रण ठेवणाऱ्या विकाराची शंका घ्यावी, कारण गेलेला केस परत येत नाही. आधी त्रास नसलेल्या प्रौढात सेबोऱ्हिक डर्मटायटिस एकाएकी उग्र व विस्तृत झाला, तर एचआयव्ही चाचणी सुचवली जाते. पार्किन्सनच्या रुग्णांतही तो अधिक आढळतो.

तपासणी : गजकर्णाची शंका असल्यास खपल्या व तुटके केस खरवडून पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि संवर्धनासाठी पाठवतात. नमुना देण्याआधीच्या दिवसांत बुरशीरोधक शाम्पू लावला असेल तर संवर्धन खोटे निर्दोष येऊ शकते, म्हणून ते आधी सांगणे आवश्यक असते. साध्या कोंड्यात या तपासणीला अर्थ नाही, कारण मालासेझिया कोणाच्याही डोक्यावर सापडतेच.