कॉम्प्रेशन रेशो: पेट्रोलला वरची मर्यादा, डिझेलला खालची

डिझेल इंजिन त्याच कामाला पेट्रोलपेक्षा कमी इंधन पितं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण दोन्ही इंजिनांचा कॉम्प्रेशन रेशो सारखाच ठेवला, तर कागदावरच्या हिशेबात पेट्रोलचं चक्र जिंकतं. डिझेल पुढे जातं त्याचं एक मोठं कारण म्हणजे त्याला जास्त कॉम्प्रेशन पेलतं. पेट्रोलला ते का पेलत नाही, आणि डिझेलला त्याच्याशिवाय का भागत नाही, याची कारणं मात्र अगदी वेगळी आहेत.

एक सिलिंडर घेऊ. आतला व्यास ८६ मिलिमीटर आणि पिस्टनची धावही ८६ मिलिमीटर, म्हणजे आकारमान जवळपास ५०० सीसी. पिस्टन सर्वात वर आला की त्याच्या डोक्यावर थोडी जागा उरते. ती ५५.५ सीसी असेल तर खालच्या टोकाला एकूण जागा ५५५.५ सीसी होते आणि या दोन जागांचं गुणोत्तर, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, १०:१ येतो. हा झाला पेट्रोलचा नेहमीचा आकडा. १८:१ चं डिझेल हवं असेल तर वर जेमतेम २९.४ सीसी उरवावे लागतात.

आदर्श पेट्रोल चक्रात, म्हणजे ऑटो चक्रात, सगळी उष्णता पिस्टन वरच्या टोकाला असतानाच मिळते. तिला प्रसरणासाठी पूर्ण धाव मिळते. त्याची कार्यक्षमता अशी:

η = 1 − 1/r^(γ−1)

इथे r म्हणजे कॉम्प्रेशन रेशो आणि γ म्हणजे वायूच्या विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर, हवेसाठी १.४. १०:१ ला उत्तर येतं ६० टक्के. आदर्श डिझेल चक्रात इंधन पिस्टन खाली सरकत असतानाही जळत राहतं. उशिरा मिळालेल्या उष्णतेच्या वाट्याला उरलेली धावच येते. जळण संपेपर्यंत वायूचं आकारमान दुप्पट होतं असं धरलं, तर १०:१ ला डिझेलची कार्यक्षमता ५३ टक्केच भरते. १८:१ ला मात्र ती ६३ वर जाते. खऱ्या इंजिनात हे सगळे आकडे बरेच खाली येतात, पण कल हाच राहतो.

मग पेट्रोललाही १८:१ का देत नाहीत? कारण बहुतेक पेट्रोल इंजिनांत दाबली जाते ती नुसती हवा नसते. तिच्यात इंधन आधीच मिसळलेलं असतं. प्लगची ठिणगी पडली की ज्योत तिथून पसरत जाते, आणि जळालेला वायू फुगून पुढच्या न जळालेल्या मिश्रणाला आणखी दाबतो. प्लगपासून सर्वात दूरच्या कोपऱ्यातलं मिश्रण त्यामुळे शेवटपर्यंत तापत राहतं. ज्योत पोहोचण्याआधीच ते आपोआप पेटलं, की दाबाच्या लाटा सिलिंडरभर आदळतात. हेच नॉकिंग. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की धातूवर टिचक्या मारल्यासारखा जो आवाज येतो, तो याचाच. ते चालू राहिलं तर पिस्टनची कड खड्डे पडून खरवडते, रिंगांमधली पट्टी तुटते, कधी हेड गॅस्केट जातं.

समजा आपल्या सिलिंडरचा रेशो १० वरून ११ करायचा आहे. वरची जागा ५५.५ वरून ५० सीसीवर आणावी लागेल. हेडमधला खळगा बोअरएवढाच रुंद असेल, तर हेडचं सुमारे ०.९५ मिलिमीटर घासकाम करावं लागेल. बदल्यात आदर्श कार्यक्षमता ६० वरून साधारण ६१.७ टक्के होते. इंधन जुनंच ठेवलं आणि नॉकिंग सुरू झालं, तर नॉक सेन्सरचा इशारा मिळताच ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठिणगी उशिरा टाकायला लागतो. आवाज थांबतो, पण ताकद उतरते आणि एक्झॉस्ट जास्त तापतो. म्हणजे घासून कमावलेलं टायमिंगमध्ये गेलं. आवाज येत नाही म्हणून सगळं ठीक आहे, असं आधुनिक इंजिनाच्या बाबतीत समजू नये. ही मर्यादा खरोखर वर न्यायची तर जास्त ऑक्टेनचं इंधन लागतं, किंवा सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल फवारून त्याच्या बाष्पीभवनाने मिश्रण थंड करावं लागतं.

डिझेलमध्ये दाबली जाते फक्त हवा. इंधनच आत नसल्यामुळे वेळेआधी पेटायला काही नसतं. तिथला प्रश्न उलटा: फवारा सुटेल तेव्हा हवा पुरेशी तापलेली असेल का? २७ अंशांची हवा १८ पट दाबली, तर उष्णतेची काही गळती धरूनही ती साधारण ४४० अंश सेल्सिअसला पोहोचते. पण उणे १० अंशांत स्टार्टर इंजिन हळू फिरवतो, रिंगांमधून हवा निसटते, थंड भिंती उष्णता ओढून घेतात. अशा वेळी तीच हवा कशीबशी २७० अंशांपर्यंत जाते, आणि १५:१ ला २४५ पर्यंतच. डिझेल सुमारे सव्वादोनशे अंशांना आपोआप पेटतं असं तक्त्यांत दिसतं, पण तो आकडा निवांत वाट पाहून मोजलेला असतो. इंजिनात काही मिलिसेकंदांतच पेटावं लागतं आणि त्यासाठी बरीच जास्त उष्णता हवी. म्हणून सिलिंडरची आतली जागा विजेने तापवणारे ग्लो प्लग लागतात. ते बिघडले किंवा कॉम्प्रेशन उतरलं, की थंडीत न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर दिसतो.

डिझेलही नॉक करतं, पण ते जळणाच्या सुरुवातीला. फवारा सुटल्यापासून पेट घेईपर्यंत थोडा वेळ जातो. हवा कोमट असेल तर तो लांबतो, तेवढ्यात इंधन साचतं आणि मग एकदम भडकतं. थंड डिझेलचा खडखडाट तोच. त्यामुळे जे कॉम्प्रेशन वाढवल्याने पेट्रोलचं नॉकिंग वाढतं, त्यानेच डिझेलचं कमी होतं. इंधनांकडूनही उलट अपेक्षा असते. पेट्रोलचा ऑक्टेन अंक ते पेटायला किती टाळाटाळ करतं ते सांगतो, आणि डिझेलचा सीटेन अंक ते किती पटकन पेटतं ते.

वरची जागा एवढी लहान असल्यामुळे डिझेलमध्ये मापं फार नाजूक होतात. आपल्या १८:१ च्या सिलिंडरला गॅस्केट ०.३ मिलिमीटरने जास्त जाड बसलं, तरी रेशो १७ वर येतो. म्हणूनच अनेक डिझेल इंजिनांची हेड गॅस्केटं वेगवेगळ्या जाडीची मिळतात आणि ती कडेच्या खाचांवरून किंवा भोकांवरून ओळखतात. पिस्टन ब्लॉकच्या वर किती डोकावतो ते डायल गेजने मोजून त्यातलं योग्य निवडायचं. जुन्यासारखंच दिसतंय म्हणून उचललेलं गॅस्केट थंडीत सुरू न होणारं इंजिन देऊ शकतं, आणि फार पातळ निवडलं तर पिस्टन हेडला किंवा व्हॉल्व्हला भिडू शकतो.

डिझेललाही कॉम्प्रेशन अमर्याद वाढवता येत नाही, पण त्याची कारणं वेगळी असतात. १८ वरून २२ वर गेलं तर आदर्श हिशेबात तीनेक टक्क्यांची भर पडते. पण दाब वाढतो, भाग जड करावे लागतात, घर्षण आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. टर्बोचार्जर हवा आधीच दाबून देत असल्यामुळे आजची बरीच डिझेल इंजिनं उलट १६ किंवा त्याखाली उतरली आहेत.

माझदाने २०१२ च्या सुमारास हे दोन्ही आकडे एकत्र आणले. स्कायअॅक्टिव्ह-जी हे पेट्रोल आणि स्कायअॅक्टिव्ह-डी हे डिझेल, दोन्ही १४:१. पेट्रोलला वर चढवण्यासाठी त्यांनी थेट फवारणी वापरली आणि चाराच्या दोन आणि दोनाची एक होणाऱ्या लांब ४-२-१ एक्झॉस्ट नळ्या दिल्या, म्हणजे आधीच्या फेरीचा गरम वायू सिलिंडरमध्ये कमी मागे राहतो. डिझेलला खाली उतरवण्यासाठी नेमकं उलट केलं: इंजिन थंड असताना हवा आत घेतेवेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उघडा ठेवून गरम वायू परत आत ओढला, आणि जोडीला सिरॅमिक ग्लो प्लग दिले.