चालू किमतींतील मालिकेचे वास्तव किमतींत रूपांतर (गोव्याच्या संदर्भात)

पगार, विक्री, राज्य उत्पन्न यांचे आकडे ज्या त्या वर्षाच्या रुपयांत नोंदले जातात. अशा मालिकेतली वाढ दोन गोष्टींची मिळून बनते: वस्तू किंवा श्रम प्रत्यक्षात किती वाढले आणि किमती किती चढल्या. किमतींचा भाग वेगळा काढण्यासाठी प्रत्येक आकड्याला त्याच काळाच्या किंमत निर्देशांकाने भागतात. या कामी वापरलेल्या निर्देशांकाला डिफ्लेटर म्हणतात.

वास्तव मूल्य = (चालू मूल्य ÷ निर्देशांक) × 100

उत्तर निर्देशांकाच्या आधारवर्षातील रुपयांत येते. आधारवर्ष बदलले तर आकड्यांची पातळी बदलते, पण मालिका नीट जोडलेली असेल तर वाढीचा दर तोच राहतो.

प्रत्यक्ष चूक बहुधा या जोडणीतच होते. गोव्यातील कामगारांचे वेतन मोजायला औद्योगिक कामगारांसाठीचा ग्राहक किंमत निर्देशांक सोयीचा असतो, कारण त्याच्या केंद्रांत गोवाही आहे. ऑगस्ट 2020 पर्यंत या निर्देशांकाचा आधार 2001 होता आणि सप्टेंबर 2020 पासून तो 2016 झाला. अखिल भारतीय आकडा ऑगस्टमध्ये 338 होता, तर सप्टेंबरमध्ये 118.1. महागाई कोसळली नव्हती, फक्त मोजपट्टी बदलली होती. दोन पट्ट्या जोडण्यासाठी अखिल भारतीय पातळीवर 2.88 हा जोडगुणक ठरवला गेला.

समजा, मडगावच्या एका दुकानातील कामगाराला दोन्ही महिन्यांत 15,000 रुपये मिळाले. निर्देशांक आहे तसाच वापरला, तर त्याचे वास्तव वेतन ऑगस्टमध्ये 4,438 आणि सप्टेंबरमध्ये 12,701 रुपये येते, म्हणजे एका महिन्यात जवळपास तिप्पट. आता जुना आकडा जोडगुणकाने भागू: 338 ÷ 2.88 = 117.36. ऑगस्टचे वास्तव वेतन 2016 च्या रुपयांत 12,781 येते, सप्टेंबरचे 12,701 च राहते. म्हणजे पगार तेवढाच असून त्याची क्रयशक्ती सुमारे 0.6 टक्क्याने घटली. येथे अखिल भारतीय आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. गोव्याच्या वेतनाला गोवा केंद्राचाच निर्देशांक आणि त्याच केंद्राचा जोडगुणक लावावा. आधार बदलण्याच्या महिन्यात वास्तव मालिकेने अचानक उडी मारली आणि चालू मालिका मात्र शांत असली, की जोडणी राहून गेली असे खुशाल समजावे.

कोणता निर्देशांक घ्यायचा हा प्रश्न त्याहून कठीण आहे, आणि गोव्यात त्याला लोहखनिजामुळे विशेष धार येते. ग्राहक निर्देशांकाच्या टोपलीत तांदूळ, मासळी, घरभाडे, इंधन असते, लोहखनिज नसते. उलट राज्य उत्पन्नाच्या डिफ्लेटरमध्ये राज्यात जे उत्पादन होते त्याच्या किमती येतात. राज्याचे चालू किमतींतील उत्पन्न भागिले स्थिर किमतींतील उत्पन्न, गुणिले 100, असा तो काढतात. 62 टक्के प्रतीच्या खनिजाचा जागतिक भाव 2011 च्या सुरुवातीला टनाला जवळपास 190 डॉलर होता आणि 2015 च्या अखेरीस 40 डॉलरच्या आसपास आला. गोव्याचे खनिज बहुतांशी त्याहून हलक्या प्रतीचे, म्हणून ते आणखी स्वस्त विकले जाते. स्थिर किमतींसाठी 2011-12 हे आधारवर्ष घेतले, तर हा चढा भाव आधारातच बसतो.

समजा, डिचोलीच्या एका खाणीने दोन वर्षे सारखेच टन खनिज बार्जवर चढवले, पण भाव निम्मा झाला आणि त्याच काळात ग्राहक किमती 6 टक्क्यांनी वाढल्या. 100 कोटींची विक्री 50 कोटी झाली. ग्राहक निर्देशांकाने भागल्यास ती 47.2 कोटी दिसते, जणू उत्पादन निम्म्याहून खाली गेले. खनिजाच्या किंमत निर्देशांकाने (100 वरून 50) भागल्यास 100 कोटीच येते, आणि टनांशी तेच जुळते. पहिला आकडाही निरर्थक नाही: त्या विक्रीतून बाजारात किती वस्तू घेता येतील, हे तो सांगतो. तो उत्पादनाचा आकडा म्हणून छापला, की मात्र चूक होते. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2015 मध्ये काही सुरू झाल्या आणि मार्च 2018 मध्ये पुन्हा थांबल्या. या काळातील मालिकेत टन आणि भाव दोन्ही हलले असल्याने हा भेद सर्वांत महाग पडतो.

मासिक मालिकेसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मासळी महागते, त्यामुळे जुलैची तुलना मे महिन्याशी न करता आदल्या जुलैशी करणे बरे. हॉटेलांचा धंदा ऑक्टोबर ते मार्चमध्ये एकवटलेला असल्याने वर्षाची एकूण उलाढाल सरासरी निर्देशांकाने भागण्याऐवजी प्रत्येक महिना वेगळा भागून मग बेरीज करावी. तक्त्याच्या मथळ्यात आधारवर्ष, निर्देशांकाचे नाव, केंद्र आणि जोडगुणक लिहिले, तर वाचणाऱ्याला तेच गणित पुन्हा करून पाहता येते.