डबा एकच की हवे तितके?

ठरावीक वजन मावणाऱ्या बॅगेत जास्तीत जास्त गुणांच्या वस्तू कशा भरायच्या, हा नॅपसॅकचा प्रश्न. त्याच्या झिरो-वन आणि अनबाउंडेड या दोन प्रकारांचे तक्ते शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात. माझ्या स्लाइडवर तर एका क्लिकमध्ये अख्खा तक्ता भरून यायचा, त्यामुळे कोणता कुठला हे मुलांना कळायला मार्गच नव्हता. शेवटी नागपुरात घडणारंच उदाहरण घेऊन फळ्यावर एकेक घर भरलं.

पुण्याच्या गाडीत न्यायच्या बॅगेत 5 किलो मावतात. संत्रा बर्फीचा डबा 2 किलोचा, त्याला 5 गुण. संत्र्यांची पिशवी 3 किलोची, तिला 6 गुण. घरात डबा एकच असेल तर ते झिरो-वन. दुकानात उभे असाल आणि हवे तितके डबे मिळत असतील तर अनबाउंडेड.

तक्त्यात प्रत्येक वस्तूला एक ओळ, प्रत्येक किलोला एक घर, आणि घरात तेवढ्या वजनात मिळणारे सर्वाधिक गुण. आधी फक्त डब्याची ओळ भरू. वरची ओळ सगळी शून्याची. 2 किलोच्या घरात दोन्हीकडे 5 येतात. आता 4 किलोचं घर. डबा ठेवला की 2 किलो जागा उरते. त्या जागेचे गुण कुठून उचलायचे? झिरो-वनमध्ये वरच्या ओळीतून, जिथे डबा अजून आलेलाच नाही. तिथे 0 आहे, म्हणून 5. अनबाउंडेडमध्ये त्याच ओळीतून, जिथे डबा आधीच एकदा मोजलाय. तिथे 5 आहेत, म्हणून 10. सगळा फरक या एका घरात आहे.

पिशवीची ओळ जोडली की 0 ते 5 किलोची घरं अशी होतात:

```
0/1       : 0 0 5 6 6  11
unbounded : 0 0 5 6 10 11
```

शेवटचं घर पाहिलंत? दोन्हीकडे 11, कारण एक डबा आणि एक पिशवी हेच दोन्हीकडे सर्वांत चांगलं. मी नेमकं हेच उदाहरण स्लाइडवर घेतलं होतं, आणि कोड चुकीचा असूनही उत्तर बरोबर येत होतं! एका मुलाने बॅग 4 किलोची केली, तेव्हा माझ्या झिरो-वनने 10 सांगितले. घरात नसलेला दुसरा डबा त्याने बॅगेत कोंबला होता.

चूक आली होती जागा वाचवण्याच्या नादात. दोन ओळींऐवजी एकच ओळ `dp` ठेवली की ‘वरची’ आणि ‘तीच’ हा भेद फक्त लूपच्या दिशेत उरतो. `W` म्हणजे बॅगेत मावणारं वजन, `w` आणि `v` म्हणजे वस्तूचं वजन आणि गुण; हा लूप प्रत्येक वस्तूसाठी एकदा चालतो:

```python
for c in range(W, w - 1, -1):
    dp[c] = max(dp[c], v + dp[c - w])
```

उजवीकडून डावीकडे गेलात तर `dp[c - w]` अजून जुनंच असतं, म्हणजे वरच्या ओळीतलं. मी `range(w, W + 1)` लिहिलं होतं. त्यात ते घर आधीच बदललेलं असतं आणि मुकाट्याने अनबाउंडेड सुटतं. अनबाउंडेडच हवं असेल तेव्हा तीच दिशा बरोबर.

आता कोणाचाही कोड तपासताना मी एकच वस्तू देतो आणि बॅग तिच्या दुप्पट वजनाची ठेवतो. 2 किलोचा डबा, 4 किलोची बॅग: 5 आले तर झिरो-वन, 10 आले तर अनबाउंडेड.