सार्कोपेनिया: वजनाच्या मोजणीपासून ताकदीच्या चाचणीपर्यंत

उतारवयात हातपाय बारीक होतात, हे वैद्यकाला कधीच नवीन नव्हते. पण त्या झिजेला स्वतंत्र नाव नव्हते, आणि नाव नाही म्हणून संशोधनही तुटक होते. 1988 मध्ये अमेरिकेत अल्बुकर्क इथल्या एका बैठकीत पोषणशास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचवला, पुढच्या वर्षी तो छापून आला. त्या वेळी त्याचा अर्थ सरळ होता: वयानुसार स्नायूंचे प्रमाण घटणे. ताकद किती उरली, हा प्रश्न त्यात नव्हता. पुढची तीस वर्षे ही व्याख्या दुरुस्त करण्यात गेली, आणि गंमत अशी की तिच्याविरुद्धचा पुरावा जवळपास तिच्याबरोबरच जन्मला होता.

1988 मध्येच वॉल्टर फ्रॉन्टेरा आणि सहकाऱ्यांनी 60 ते 72 वयाच्या 12 पुरुषांना बारा आठवडे जड वजनांचा व्यायाम दिला. पुढची पायरी मारिया फियातारोन यांनी बॉस्टनमध्ये टाकली आणि 1990 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या अभ्यासात वृद्धांच्या निवासी संस्थेतली 10 माणसे होती, सरासरी वय 90. पद्धत अशी: गुडघा सरळ करताना एकदाच, पण पूर्ण उचलता येईल असे जास्तीत जास्त वजन आधी शोधायचे. पहिल्या आठवड्यात त्याच्या निम्मे आणि नंतर 80 टक्के वजन घेऊन आठ-आठ वेळांचे तीन सेट, आठवड्यातून तीन दिवस. ताकद वाढली की कमाल वजन पुन्हा मोजायचे आणि भार चढवायचा. नव्वदीच्या माणसाला हलकेफुलकेच करायला लावायचे, या तेव्हाच्या रिवाजाच्या हे अगदी उलट होते.

आठ आठवड्यांत ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली, म्हणजे मूळच्या पावणेतीन पट झाली. सीटी स्कॅनवर मांडीतल्या स्नायूचे क्षेत्रफळ मात्र साधारण 9 टक्केच वाढलेले दिसले. व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ताकद 32 टक्क्यांनी उतरली, हेही लक्षात ठेवण्यासारखे. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, माणसेही मोजकी होती. ती उणीव त्याच संशोधकांनी 1994 मध्ये 100 जणांवर यादृच्छिक चाचणी करून भरून काढली. सरासरी वय 87, कालावधी 10 आठवडे. व्यायाम करणाऱ्यांची ताकद 113 टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुमारे 12 टक्क्यांनी; मांडीचा स्नायू वाढला जेमतेम 2.7 टक्के. नुसते पोषणपूरक पेय देऊन ताकदीत फरक पडला नाही.

ताकद आणि स्नायू यांच्या वाढीतली ही दरी कुठून येते? स्नायू किती जोर लावेल हे त्याच्या जाडीवरच ठरत नाही. मेंदू आणि मज्जारज्जूकडून येणारा आदेश एका वेळी किती तंतूंना कामाला लावतो आणि किती वेगाने, यावरही ते ठरते. वयाबरोबर हा आदेश पोहोचवणाऱ्या चेतापेशी कमी होतात, स्नायूत चरबी शिरते, न वापरलेली हालचाल बोथट होते. जड वजनाच्या पहिल्या काही आठवड्यांत सुधारतो तो मुख्यतः हा आदेश. स्नायू जाड होणे मागून, सावकाश येते.

तरीही व्याख्या स्नायूंच्या वजनालाच धरून राहिली. 1998 मध्ये बाउमगार्टनर यांनी न्यू मेक्सिकोतल्या वृद्धांवरून मोजमाप बसवले: हातापायांतला स्नायूभार किलोमध्ये घ्यायचा, उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने भागायचा, आणि तरुणांच्या सरासरीपेक्षा दोन प्रमाण विचलनांनी कमी आला तर सार्कोपेनिया. पुरुषांसाठी रेषा 7.26, स्त्रियांसाठी 5.45. हे सोयीचे होते, कारण डेक्सा यंत्र हाडांच्या घनतेसाठी अनेक ठिकाणी असतेच. पण डेक्सा स्नायू थेट मोजत नाही. चरबी आणि हाड वजा करून जे उरते ते दाखवते, आणि त्या उरलेल्यात पाणी आणि तंतुमय ऊतीही येतात. पायांना सूज असलेल्या माणसाचा आकडा त्यामुळे उगाच चांगला दिसतो.

2006 च्या सुमारास सत्तरीतल्या हजारो अमेरिकनांचा माग ठेवणाऱ्या ‘हेल्थ एबीसी’ अभ्यासातून दोन गोष्टी पुढे आल्या. ताकद स्नायूभाराच्या साधारण तिप्पट वेगाने घटत होती. आणि मृत्यूचा धोका कमी ताकदीशी जुळत होता, कमी स्नायूभाराशी तितका नाही. 2010 मध्ये युरोपीय तज्ज्ञगटाने ताकद किंवा चालण्याचा वेग व्याख्येत घेतला, पण स्नायूभार पहिल्या क्रमांकावर ठेवला. तो क्रम 2018 च्या अखेरीस उलटला: आधी ताकद. ती कमी असेल तर सार्कोपेनिया ‘संभाव्य’. स्नायूभारही कमी निघाला तर निदान पक्के. चालण्याचा वेगही मंद असेल तर तीव्र.

ताकद मोजायला मोठे यंत्र लागत नाही. हाताची पकड किलोमध्ये मोजणारा डायनॅमोमीटर हातात धरून शक्य तितका जोर लावून दाबायचे आणि अनेक प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा घ्यायचा. बोटांच्या सांध्यांना संधिवात असेल तर हा आकडा फसवा. मग हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला किती सेकंद लागतात ते पाहायचे. युरोपीय निकषात 15 सेकंदांपेक्षा जास्त म्हणजे कमजोरी.

रेषा कुठे आखायची, यावर मात्र एकमत नाही. समजा एका बाईंची उंची 1.50 मीटर, डेक्सावर हातापायांचा स्नायूभार 12 किलो, पकड 17 किलो, आणि पाच उठबशींना 14 सेकंद. 12 भागिले 2.25, म्हणजे 5.33. 1998 च्या निकषाने (5.45) त्यांना सार्कोपेनिया आहे. 2010 च्या युरोपीय निकषानेही आहे, कारण तेव्हा स्त्रियांसाठी पकडीची रेषा 20 होती. 2018 मध्ये ती 16 झाली. बाई पकडीतही पास, उठबशीतही पास, म्हणजे निदान नाही, पुढचा स्कॅनही नाही. आणि 2019 च्या आशियाई निकषात पकडीची रेषा 18, स्नायूभाराची 5.4: निदान पुन्हा पक्के. शरीर तेच, उत्तर तीनदा ‘हो’ आणि एकदा ‘नाही’. म्हणून ‘इतक्या टक्के वृद्धांना सार्कोपेनिया’ असे वाक्य वाचले की निकष कोणता, हे मी आधी शोधतो.

व्यायामाचा पुरावा या घोळात फारसा अडकला नाही, कारण त्याचे माप पहिल्यापासून ताकद हेच होते. 2009 च्या कोक्रेन आढाव्यात 121 चाचण्या आणि सुमारे 6,700 माणसे होती. व्यायाम बहुतेक वेळा आठवड्यातून दोन-तीनदा. ताकदीवरचा परिणाम मोठा, दैनंदिन हालचालींवरचा लहान पण खरा. मात्र यातले बहुतेक जण सार्कोपेनियाचे निदान झालेले नव्हते, नुसते वयस्कर होते, ही मर्यादा लहान नाही.

औषधांनी उलटी बाजू दाखवली. बिमाग्रुमॅब हे शिरेतून दिले जाणारे, स्नायू वाढवणारे औषध. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सार्कोपेनिया असलेल्यांचा चरबीविरहित भार 24 आठवड्यांत त्याने सुमारे 7 टक्क्यांनी वाढवला, खोट्या औषधाच्या गटात 1 टक्का. चालणे, तोल आणि उठबस यांच्या चाचणीत मात्र दोन्ही गटांत अर्थपूर्ण फरक आला नाही. पोषण आणि घरचा व्यायाम दोन्ही गटांना दिला होता.

2024 मध्ये तज्ज्ञांच्या एका जागतिक गटाने सार्कोपेनियाचे घटक ठरवले: स्नायूभार, ताकद, आणि भाराच्या मानाने स्नायू किती जोर देतो हे गुणोत्तर. चालण्याचा वेग व्याख्येतून काढून परिणामांच्या यादीत टाकला. आकड्यांच्या रेषा मात्र त्यांनी तेव्हा आखल्या नाहीत.