ज्याची गोष्ट सांगता येत नाही, त्याची वर्गणी

‘गरज खरी असेल तर लोक मदत करतातच.’ उपचारांसाठी ऑनलाइन वर्गणी मागणाऱ्या एखाद्या आवाहनाला भरघोस प्रतिसाद मिळाला, की हे वाक्य हमखास ऐकू येते. २०२१च्या सुरुवातीला मुंबईतल्या काही महिन्यांच्या एका मुलीसाठी सुमारे १६ कोटी रुपये असेच जमले. तिला स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी हा जनुकीय आजार होता आणि झोलगेन्स्मा हे औषध परदेशातून आणायचे होते. केंद्र सरकारने त्यावरचे कोट्यवधींचे कर माफ केले. मुलीला औषध मिळाले, याचा आनंद मलाही झाला. पण त्या एका यशावरून काढलेला वरचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे.

अमेरिकेत गोफंडमी या संकेतस्थळावरच्या २०१६ ते २०२० या काळातील चार लाखांहून अधिक वैद्यकीय आवाहनांचा अभ्यास झाला. त्यांतील फक्त १२ टक्के आवाहने ठरवलेल्या रकमेपर्यंत पोचली. १६ टक्के आवाहनांना एकही देणगी मिळाली नाही. या लोकांची गरज खोटी होती, असे कोण म्हणेल?

यामागचे एक कारण आपल्या मनात आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना ५ डॉलर दिले आणि त्यांतून आफ्रिकेतल्या उपासमारीसाठी हवे तेवढे द्यायला सांगितले. एका गटाला एका मुलीचे नाव, फोटो आणि तिची हकीकत दिली. दुसऱ्याला लाखो उपाशी लोकांचे आकडे. पहिल्या गटाने सरासरी २.३८ डॉलर दिले, दुसऱ्याने १.१४. तिसऱ्या गटाला मुलगी आणि आकडे दोन्ही दाखवले, तेव्हा देणगी १.४३ वर घसरली. चेहऱ्याने पाझरलेले मन आकडे समोर येताच आखडले.

म्हणून लहान मूल, एकच इंजेक्शन, ठरलेली रक्कम आणि ठरलेली मुदत असली, की गोष्ट आपोआप तयार होते. आता समजा, अमरावतीजवळच्या खेड्यातल्या ४५ वर्षांच्या शेतमजुराची मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. त्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते, ते पुढच्या वर्षीही लागेल, त्याच्या पुढच्या वर्षीही. या हकिकतीला शेवटच नाही. स्किझोफ्रेनिया, दारूने खराब झालेले यकृत, औषधांना न जुमानणारा क्षय यांची तर जाहीर वाच्यता करायलाही घरचे तयार नसतात. फोटो टाकला तर मुलीचे लग्न अडेल, ही भीती त्या घरात अगदी खरी असते.

पण या सगळ्याहून मला विलक्षण वाटते ते दुसरे कारण, कारण त्याला गोष्टीचीसुद्धा गरज लागत नाही. त्याचे गणित जॉर्ज पोल्या या हंगेरियन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते.

अ आणि ब असे दोन रुग्ण घ्या. आजार तोच, रुग्णालय तेच, आवाहनही सारखेच चांगले. दोघांकडे सुरुवातीला एकेक हजार रुपये आहेत. येणारा प्रत्येक देणगीदार एक हजार देतो. मात्र ज्याच्याकडे जास्त जमले आहे, त्याच्याकडे तो त्याच प्रमाणात वळतो. हे अगदी स्वाभाविक आहे. जास्त जमलेले आवाहन जास्त वेळा पुढे पाठवले जाते, यादीत वर दिसते आणि ‘इतक्यांनी दिले म्हणजे प्रकरण खरे असणार’ असा विश्वासही देते.

पहिला देणगीदार कोणाकडे जाईल? शक्यता निम्मी-निम्मी. तो अकडे गेला असे समजू. आता अकडे दोन हजार, बकडे एक. म्हणजे दुसरा देणगीदारही अकडे जाण्याची शक्यता दोन-तृतीयांश झाली. पहिले दोघेही अकडे जाण्याची शक्यता म्हणून अर्ध्याचे दोन-तृतीयांश, म्हणजेच एक-तृतीयांश. दोघेही बकडे जाण्याची तेवढीच. दोघांना एकेक मिळण्यासाठी उरली तीही एक-तृतीयांश. तिन्ही निकाल समान संभाव्य!

हेच पुढे चालू राहते. १०० देणगीदारांपैकी अकडे शून्य जातील, एक जाईल, ५० जातील की १००, हे सर्व १०१ निकाल तंतोतंत सारख्या शक्यतेचे असतात. देणगीदारांनी प्रत्येक वेळी नाणे उडवून ठरवले असते, तर अला ४० ते ६० देणग्या मिळण्याची शक्यता सुमारे ९६ टक्के होती. इथे ती जेमतेम २१ टक्के आहे. दोन सारख्याच गरजवंतांपैकी एकाचे भले होते आणि दुसरा मागे पडतो, त्याचा निर्णय बहुतांशी पहिल्या चार-पाच देणग्यांत होऊन जातो. नंतरचे दाते तो पक्का करतात.

आता अच्या नात्यात पुण्याला, बंगळुरूला नोकरी करणारे चौघे आहेत आणि त्याची सुरुवात चार हजारांपासून होते, असे धरा. बची एकच हजारापासून. अखेरीस अचा वाटा सरासरी ८० टक्के राहतो, आणि ब त्याच्या पुढे जाण्याची शक्यता उरते साधारण सोळात एक. खेड्यातल्या माणसाचे दुर्दैव असे वाढत जाते. त्यासाठी कोणाला दुष्टपणा करावा लागत नाही.

हे फक्त कागदावरचे गणित नाही. आर्नाउट व्हॅन डे राइट आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात किकस्टार्टर या वर्गणीच्या संकेतस्थळावरचे, एकही देणगी न मिळालेले २०० प्रकल्प घेतले. त्यांतून चिठ्ठी काढल्यासारखे निवडलेल्या निम्म्यांना स्वतः देणगी दिली. ज्यांना काहीच दिले नव्हते, त्यांतील ३९ टक्क्यांना पुढे कोणाची तरी देणगी मिळाली. ज्यांना दिली होती, त्यांतील ७० टक्क्यांना. निवड यदृच्छ असल्यामुळे हा फरक गुणवत्तेचा असूच शकत नाही.

गर्दी उपचाराचीही पारख करत नाही, हे इथेच सांगायला हवे. २०१८ साली एका अमेरिकी वैद्यक नियतकालिकात आलेल्या पाहणीत पुरावा नसलेल्या किंवा धोकादायक उपचारांसाठीची हजारावर आवाहने सापडली. त्यांनी मिळून जवळपास ६८ लाख डॉलर जमवले होते. त्यांतला मोठा गट कर्करोगावर होमिओपॅथी किंवा निसर्गोपचार घेणाऱ्यांचा होता. चमत्काराचे आश्वासन गोष्टीत शोभून दिसते; ‘पाच वर्षे जगण्याची शक्यता अमुक टक्के’ हे प्रामाणिक वाक्य शोभत नाही.

मग गोष्ट काढूनच टाकली तर? भारत सरकारने दुर्मिळ आजारांच्या २०२१च्या धोरणाखाली वर्गणीचे पोर्टल काढून जवळपास तसेच केले. त्या पोर्टलवर नेमून दिलेली रुग्णालयेच रुग्णाची नोंद करतात, आजार आणि खर्च लिहितात. आर्जव करावे लागत नाही. व्यवस्था न्याय्य आहे, पण तिथे जमलेली रक्कम गरजेपुढे नगण्य राहिली आहे. त्या ५ डॉलरच्या प्रयोगानंतर याचे आश्चर्य वाटू नये. चेहरा दाखवला तर पैसे येतात आणि वाटप बिघडते. चेहरा झाकला तर वाटप सुधारते आणि पैसे आटतात. ऐच्छिक देणगीतून हा पेच सुटत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो सुटतो तो जिथे पैसा आधी एकत्र जमतो आणि निकष नंतर लागतो तिथे. महाराष्ट्रात याचे चांगले उदाहरण कायद्यातच आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत टाकायची असते. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका पाहतात. फोटो कसा आला आहे, हे पाहत नाहीत. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज करायचा असतो. खाटा शिल्लक नाहीत असे सांगून परत पाठवले, तर जिल्ह्याच्या धर्मादाय सहआयुक्त किंवा सहायक आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. वर्गणीचे आवाहन लिहायला बसण्यापूर्वी हा अर्ज भरलेला असावा.