साडेतीन लाख म्हणजे पस्तीस वान

जळगावच्या एमआयडीसीत आमच्या काकांचा प्लास्टिक चटयांचा छोटा कारखाना आहे. मागे त्यांना चीनमधून एक मशीन मागवायची होती, सौदा व्हिडिओ कॉलवर, आणि मी लॅपटॉप सांभाळायला शेजारी. काका हिंदीत बोलणार, दुभाषी मुलगी ते चिनीत सांगणार, तिकडचा मालक चिनीत उत्तर देणार, मग ती परत हिंदीत. सोपं वाटतं ना? पहिल्याच भावाला गाडी अडकली.

मालक काहीतरी बोलला आणि मुलगी म्हणाली "अडतीस लाख युआन". काकांनी हिशोब धरलेला चारेक लाखाचा, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच भाव सांगितला. झालं असं होतं की चिनीत मोठा आकडा दहा हजारांच्या गठ्ठ्यात मोजतात, त्या गठ्ठ्याला वान म्हणतात. मालक म्हणाला होता अडतीस वान, म्हणजे तीन लाख ऐंशी हजार. आपल्या डोक्यात लाख, त्याच्या डोक्यात वान, आणि मध्ये बसलेल्या माणसाला बोलता बोलता दर वेळी शून्य सरकवायचं, त्यात आपलं दीड, अडीच, साडेतीन वेगळंच. चांगले दुभाषी पण म्हणून आकडे कागदावर लिहून घेतात. चूक दुरुस्त झाली खरी, पण पुढची दहा मिनिटं काका प्रत्येक आकड्यावर संशय घेत होते.

पण खरा घोळ झाला गप्प बसण्यात.

दोन माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायला किती वेळ जातो? २००९ साली जगभरातल्या १० भाषा तपासलेला एक अभ्यास आला होता, त्यात हा वेळ सरासरी सेकंदाचा पाचवा भाग निघाला, भाषेभाषेत फरक होता पण थोडाच. यापेक्षा उशीर झाला की आपल्या मनात लगेच पाल चुकचुकते, याला पटलं नाही वाटतं. आणि हा उशीर मशीनमुळे झाला तरी आपण दोष माणसालाच देतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी फोन कॉलमध्ये मुद्दाम सेकंदभराच्या आसपास उशीर घालून बघितला तर लोकांना पलीकडचा माणूसच कमी लक्ष देणारा वाटला.

आता दुभाषी मध्ये असला की हिशोब बघा. काका वीस सेकंद बोलले, तिने वीस सेकंद चिनीत सांगितलं, मालक विचार करून पंधरा सेकंद बोलला, तिने परत हिंदीत आणलं. म्हणजे काकांचं बोलणं संपल्यापासून उत्तर कानावर पडेपर्यंत पाऊण मिनिट सहज. जिथे सेकंदाच्या पाचव्या भागाची सवय तिथे पाऊण मिनिट! काका म्हणाले तीन लाख चाळीस हजार, मुलगी ते सांगायला लागली, मालकाचा चेहरा कोरा, आणि काका माझ्या कानात, "काय भो, याला पटलं नाही वाटतं." मालक कोरा होता कारण त्याच्यापर्यंत आकडा अजून पोचलाच नव्हता. पण काकांना दम निघाला नाही, ती बोलतेय तेवढ्यात मध्येच म्हणाले, "चलो, साढेतीन लाख." समोरच्याने नाही म्हणायच्या आधीच दहा हजार युआन गेले, आणि मालकाला फुकटात कळलं की या माणसाला गप्प बसवत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. डिलिव्हरीचं विचारलं तर उत्तर आलं "पैंतालीस दिन में देंगे". मशीन आली अडीच महिन्यांनी. भांडायला फोन केला तेव्हा दुसरा दुभाषी होता, त्याने सांगितलं की मालक म्हणतोय मी जिनल्यांग म्हणालो होतो. या शब्दाचा अर्थ होतो जमेल तितकं, होईल तेवढा प्रयत्न. वाक्यातून तो एक शब्द गळला आणि प्रयत्नाचं वचन झालं. मुलीला मी फार दोष देणार नाही, सलग एवढा वेळ ऐकून लक्षात ठेवायचं तर माणूस आकडा, तारीख, हो-नाही आधी पकडतो आणि 'बहुतेक', 'शक्यतो' असले बारके शब्द सुटतात. गंमत म्हणजे काकांचं पण तेच, ते अॅडव्हान्सबद्दल "देखते हैं" म्हणाले होते, आपल्याकडे त्याचा अर्थ पोराला पण कळतो, पण पलीकडे ते 'कागद बघून सांगतो' असं गेलं असेल तर तो बिचारा वाट बघत बसला असणार.

पुढच्या वेळी स्पेअर पार्टसाठी कॉल झाला तेव्हा काकांनी काही गोष्टी बदलल्या. एका वेळी एकच वाक्य, आणि आकडा असेल तर पाटीवर शून्यांसकट लिहून कॅमेऱ्यासमोर धरायचा. मुलगी बोलत असताना बघायचं तिच्याकडे नाही, मालकाकडे, कारण चेहरा तेव्हा बदलतो. तारखेला उलट विचारलं, "पक्की की अंदाजे?" तिकडे दोघं बराच वेळ आपसात बोलले, मग उत्तर आलं, अंदाजे.

आणि भाव सांगून झाल्यावर काका चहाचा कप तोंडाला लावतात. रिकामा असला तरी.